जे कमी असेल ते, जे जास्त असेल ते

बाळंतपणाच्या रजेत बाईच्या हातात किती पैसे पडणार, हे ठरवायला दोन आकडे पुरतात. तिची दिवसाची सरासरी मजुरी किती आणि रजा किती दिवसांची. दोन्हींचा गुणाकार केला की झालं. चौथीतल्या मुलीला जमेल असा हिशेब आहे. तरी याच दोन आकड्यांवरून मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळापासून सुप्रीम कोर्टापर्यंत वाद झाले, आणि ते पुरते मिटलेत असं अजूनही म्हणता येत नाही. सरासरी कशाची काढायची, कोणते महिने धरायचे, भागायचं कितीने, आठवड्यात रविवार मोजायचा की नाही, या प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. त्यातला आपल्या मुलखाशी जोडलेला धागा तेवढा इथे धरतो.

सुरुवात मात्र जर्मनीपासून करावी लागते. तिथे १८७८ साली कारखान्यांच्या कायद्यात असं आलं की बाळंत झालेल्या बाईला तीन आठवडे कामावर घ्यायचं नाही. पैशांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. कामाला बंदी आणि मजुरीही नाही, म्हणजे कायद्याने तिला उपाशी बसवल्यासारखंच झालं. पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, बिस्मार्कने आजारपणाच्या विम्याचा कायदा आणला आणि विमा असलेल्या बाईला त्या तीन आठवड्यांसाठी आजारपणाइतकेच पैसे मिळू लागले. ही रक्कम सरासरी दिवसमजुरीच्या निम्मी होती. सरासरी तिची एकटीची नसे, तिच्या वर्गातल्या कामगारांची धरली जाई. पुढे सगळीकडे चाललेल्या दोन गोष्टी इथेच दिसतात. मोजायचं ते दिवसाच्या सरासरीवर, आणि पैसे येतात ते मालकाच्या खिशातून नव्हे, विम्याच्या निधीतून. पहिली गोष्ट आपण उचलली. दुसरी उचलायला आपल्याला फार वेळ लागला, आणि तीही अर्धीच उचलली.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतातल्या कामगारांच्या वतीने तिथे ना. म. जोशी गेले होते. परिषदेने बाळंतपणाचा ठराव केला तो बारा आठवड्यांचा, सहा आधी आणि सहा नंतर. पैसे सरकारी निधीतून किंवा विम्यातून द्यायचे. किती द्यायचे, तर आई आणि मूल यांचं नीट पोषण होईल इतके. नेमका आकडा ज्या त्या देशाने ठरवायचा होता. हिंदुस्थान सरकारला तर ठराव पाळण्याचीही सक्ती नव्हती. त्याने फक्त परिस्थितीचा अभ्यास करून कळवायचं होतं. या विषयावरचे नंतरचे आंतरराष्ट्रीय करारही भारताने आजवर मंजूर केलेले नाहीत. तरी आपल्या कायद्यांतला बारा आठवड्यांचा आकडा वॉशिंग्टनच्याच मापाचा आहे.

अभ्यास झाला तो मुंबईत. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या लेडी डॉक्टरला गिरण्यांतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं, आणि १९२२ साली त्यांचा अहवाल आला. तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवून, निजवून कामावर जायची चाल किती सर्रास आहे, हे त्यांनी लिहून ठेवलं. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत, सूत कांडीवर भरण्याच्या आणि लड्या घालण्याच्या कामावर. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई म्हणजे नायकीण. मजुरी उक्ती, जितकं सूत तितके पैसे. त्यामुळे 'हिचा पगार किती' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नसे. एखाद्या महिन्यात सूत चांगलं आलं, तुटलं कमी, तर कमाई बरी. पुढच्या महिन्यात सूत खराब लागलं की दिवसभर राबूनही हातात थोडंच. अशा बाईची मजुरी सांगायची तर काही महिन्यांची बेरीज करून भागाकार करण्यावाचून मार्ग नाही. 'आधीच्या तीन महिन्यांची सरासरी' ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात कोरडी वाटते, पण तिची गरज गिरणीतल्या या खात्यांवर नजर टाकली की कळते.

जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं बिल मांडलं. ते फेटाळलं गेलं. मग मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आसवले या कामगार प्रतिनिधींनी स्वतंत्र बिल आणलं. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. एकट्या मुंबईच्या मालकांवर असा बोजा कशाला, हा विरोधकांचा मुद्दा होता. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं की आईला या काळात विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा सरकारनेही भार उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाला सूट मिळत नाही. मालक बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा आहे म्हणूनच. त्यांच्या मजुरीतून ज्याचा नफा होतो त्याने त्यांच्या विश्रांतीचेही पैसे मोजावेत. १९२९ साली कायदा झाला आणि पैसे मालकानेच द्यायचे, हे पक्कं झालं.

१९२९ चा कायदा आणि त्यातली १९३४ ची दुरुस्ती यांतून जी मांडणी उभी राहिली, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. आठवडे आधी सात होते, ते आठ झाले, चार बाळंतपणाआधी आणि चार नंतर. लाभ मिळायला त्या गिरणीत आधी सहा महिने आणि दुरुस्तीनंतर नऊ महिने काम झालेलं असावं लागे. दर मुंबई, अहमदाबाद आणि कराचीत रोजचे आठ आणे. बाकीच्या ठिकाणी मात्र बाईची सरासरी दिवसमजुरी किंवा आठ आणे, यांपैकी जे कमी असेल ते.

या शेवटच्या शब्दांमुळे काय झालं ते पाहा. मुंबईतली वाइंडिंगवाली दिवसाला अकरा आणे मिळवत असली तरी तिला आठच आणे मिळणार. सोलापूरच्या बाईची सरासरी सहा आणे भरली तर तिला सहाच. सातही दिवस मोजले तरी आठ आठवड्यांचे छप्पन्न दिवस होतात, म्हणजे मुंबईत अठ्ठावीस रुपये आणि सोलापुरात एकवीस. मुंबईत कमाई जास्त असल्याचा काही उपयोग नाही आणि सोलापुरात कमी असल्याचा पुरेपूर तोटा. सरासरी कायद्यात आली ती अशी, बाईला मिळणाऱ्या रकमेला कात्री लावायला. ती 'लाभ' मोजायचं साधन होती हे खरं, पण मालकाचा खर्च आठ आण्यांच्या वर कधीच जाणार नाही आणि जमलं तर खालीच राहील, अशी ती सोय होती. मला वाटतं, या कायद्याचा इतिहास सांगताना सगळे आठवडे मोजतात, आणि खरी गोम असलेली ही ओळ निसटते.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत एकेका प्रांताने आपापला कायदा केला. सगळ्यांचे दर, आठवडे आणि अटी वेगळ्या. काहींनी मुंबईचीच ओळ उलटी करून 'जे जास्त असेल ते' असं लिहिलं. खाणींसाठी १९४१ मध्ये वेगळा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर कर्मचारी राज्य विमा योजना आली, आपण जिला ईएसआय म्हणतो. तिथे पहिल्यांदा मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीच्या निधीतून पैसे देण्याची सोय झाली. पण ईएसआय सगळीकडे पोचायला वेळ होता, आणि बाकीच्यांसाठी प्रांतोप्रांतीचे तुकडे एकत्र करायचे होते.

ते काम १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने केलं. आठवडे बारा झाले. सहा आधी, बाळंतपणाचा दिवस धरून, आणि सहा नंतर. आणि दर? सरासरी दैनिक मजुरी. ही सरासरी कशी काढायची ते कायद्यानेच सांगितलं. बाई बाळंतपणासाठी कामावर यायची थांबली त्या तारखेच्या लगतच्या आधीचे तीन कॅलेंडर महिने घ्यायचे. त्यांत तिने ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांची देय मजुरी काढायची आणि तिची सरासरी घ्यायची. ही सरासरी किंवा दिवसाला एक रुपया, यांपैकी जे जास्त असेल ते.

मुंबईच्या कायद्यातली 'जे कमी असेल ते' ही ओळ बत्तीस वर्षांनी अशी नेमकी उलटली. सरासरी आता कात्री राहिली नाही, ती बाईचा हक्क झाली, आणि रुपया हा छत नव्हे तर जोतं झाला. १९८८ च्या दुरुस्तीने हे जोतं आणखी वर उचललं. सरासरी, सरकारने ठरवलेलं किमान वेतन आणि दहा रुपये, या तिघांत जे सर्वांत जास्त ते द्यायचं. त्याच दुरुस्तीने आणखी एक कोंडी फोडली. पूर्वी सहा आधी आणि सहा नंतर अशी वाटणी पक्की असल्याने शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जाणाऱ्या बाईचे आधीचे सहा आठवडे बुडत. आता आधी जास्तीत जास्त सहा घ्या, उरलेले नंतर, असं झालं. हवे तर सगळे बारा बाळंतपणानंतर घेता येऊ लागले.

'ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांची' हे शब्द वरवर किरकोळ दिसतात, पण बाईच्या बाजूने कायद्यात सर्वांत मोठं काम हेच करतात. सातव्या-आठव्या महिन्यात खाडे होतात. उलट्या, पाय सुजणं, दवाखान्याच्या वाऱ्या, सगळं याच दिवसांत. तिच्या तीन महिन्यांच्या एकूण कमाईला नव्वदाने भागलं, तर प्रत्येक खाड्यामागे तिची सरासरी घसरेल. काम केलेल्या दिवसांनीच भागलं तर खाडे कितीही झाले तरी रोजची सरासरी तीच राहते. उक्त्या कामावरच्या बाईला मात्र हे संरक्षण अर्धंच मिळतं. दिवस भरत आले की हात मंदावतो, माल कमी निघतो, आणि सरासरी नेमकी त्याच तीन महिन्यांची घेतली जाते. यावर कायद्याकडे किमान वेतनाच्या जोत्याखेरीज दुसरा उपाय नाही.

आता गुणाकाराकडे. इथली गोष्ट एका मळ्यातली आहे. तमिळनाडूतल्या माउंट स्टुअर्ट इस्टेटमधली एक मजूर बाई १९६७ च्या डिसेंबरात रजेवर गेली आणि मार्च १९६८ मध्ये बाळंत झाली. मळ्याने तिला १५७ रुपये ६५ पैसे दिले. हिशेब असा की बारा आठवड्यांचे दिवस चौऱ्याऐंशी, त्यांतले बारा रविवार वजा, राहिले बहात्तर. रविवारी मळ्यात काम नसतं, मजुरीही नसते. मग रजेतल्या रविवारचे पैसे कशाचे? युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच तो सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला. कोइमतूरच्या लेबर कोर्टाने बाईच्या बाजूने निकाल दिला. मद्रास हायकोर्टात एकट्या न्यायाधीशांपुढे मळा जिंकला. खंडपीठाने तो निकाल फिरवला. मळा दिल्लीला गेला, आणि १९७७ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला.

१५७ रुपये ६५ पैशांना बहात्तरने भागलं तर दिवसाला साधारण दोन रुपये एकोणीस पैसे येतात. बारा रविवारांचे होतात सव्वीस-सत्तावीस रुपये. वाद होता तो एवढ्या रकमेचा. पण मागे तत्त्व मोठं होतं. कोर्टाने म्हटलं की आठवडा म्हणजे सलग सात दिवस, रविवार धरून. कायद्यात कामाचे दिवस नाहीत, आठवडे आहेत. तेव्हा चौऱ्याऐंशीही दिवसांचे पैसे द्यावे लागतील. बाईला या काळात नुसतं जगायचं नसतं, झीज भरून काढायची असते, बाळाला पाजायचं असतं, कामाची पूर्वीची ताकद परत मिळवायची असते. कायदा तिच्यासाठी आहे, तेव्हा अर्थ लावताना कल तिच्याकडे हवा.

या निकालाचा एक परिणाम लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. भागताना फक्त काम केलेले दिवस धरले जातात, आठवड्याला सहा. गुणताना सात. म्हणजे रोजंदारीवर, बिनपगारी रविवार असलेल्या बाईला रजेत तिच्या नेहमीच्या कमाईच्या सात-षष्ठांश पैसे मिळतात. कामावर असताना आठवड्याला सहा दिवसांची मजुरी, घरी असताना सात दिवसांची. मळ्याची तक्रार नेमकी हीच होती, की कामावर असती तर जेवढे मिळाले नसते तेवढे रजेत द्यावे लागतात. कोर्टाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही दिसत नाही.

आज हाच हिशेब समोर मांडून पाहू. एका शिवणकामाच्या युनिटमधली, रोजंदारीवरची बाई आहे. रविवार बिनपगारी. पहिली खेप, म्हणजे २०१७ च्या दुरुस्तीनुसार सव्वीस आठवडे, एकशे ब्याऐंशी दिवस. १ एप्रिलपासून ती रजेवर जाते, तेव्हा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे तीन महिने धरायचे. जानेवारीत ती चोवीस दिवस आली आणि १६,८०० रुपये कमावले. फेब्रुवारीत वीस दिवस आणि १३,६०० रुपये. मार्चमध्ये त्रास वाढला, अठराच दिवस भरले, १२,००० रुपये. एकूण बासष्ट दिवस आणि ४२,४०० रुपये. भागाकार केला की रोजचे सुमारे ६८३ रुपये ८७ पैसे. एकशे ब्याऐंशी दिवसांनी गुणलं की १,२४,४६४ रुपये. किमान वेतन याहून जास्त नाही ना, एवढं पाहायचं, आणि ही तिची रक्कम.

चूक कुठे होते? बहुतेक वेळा भागाकारात. हिशेबनीस ४२,४०० ला कॅलेंडरच्या नव्वद दिवसांनी भागतो. सरासरी ४७१ वर येते आणि रक्कम ८५,७४२ होते. एका भागाकारात जवळपास ३९,००० रुपये गेले. दुसरी चूक मळ्यातलीच, सव्वीस रविवार वगळून एकशे छप्पन्न दिवसांचेच पैसे दिले तर १,०६,६८४ रुपये, म्हणजे १७,७८० कमी. बाईकडे हातात आलेल्या रकमेखेरीज काहीच नसलं तरी चूक ओळखता येते. मिळालेल्या रकमेला एकशे ब्याऐंशीने भागावं. येणारा आकडा तिच्या नेहमीच्या रोजापेक्षा बराच कमी असेल तर भागाकारात किंवा रविवारात गडबड आहे. मग हजेरीच्या नोंदी मागायच्या. महिन्याच्या पगारावरच्या बाईचं थोडं वेगळं आहे. तिच्या पगारात रविवारही आलेला असतो, तेव्हा महिन्याचा पगार महिन्याच्या सगळ्या दिवसांनी भागणं रास्त दिसतं, आणि व्यवहारात ऑफिसं भागाकाराच्या भानगडीत न पडता दरमहा पगार चालू ठेवतात.

रजा महिन्याच्या मध्यावर सुरू झाली तर? पगारपत्रकवाले मागचे तीन पूर्ण महिने उचलतात, कारण त्यांच्याकडे आकडे तसेच तयार असतात. पण कायद्यात 'लगतच्या आधीचे' असं आहे. १२ एप्रिलला रजा सुरू होत असेल तर १२ जानेवारी ते ११ एप्रिल हा काळ धरणं जास्त सरळ. मार्चअखेर पगारवाढ झाली असेल तर या फरकाला किंमत येते.

पात्रतेची अट मुंबईत नऊ महिन्यांपर्यंत गेली होती. १९६१ च्या कायद्यात ती बारा महिन्यांत एकशे साठ दिवस झाली, आणि १९८८ मध्ये ऐंशी दिवस. रोजंदारीवरच्या, कायम न केलेल्या बायकांना हा कायदा लागूच नाही असं म्हणायची सोय मात्र बराच काळ राहिली. दिल्ली महापालिकेतल्या मस्टरवरच्या बायका लढल्या तेव्हा, २००० सालच्या ८ मार्चला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रोजंदारीवरची असली तरी हा लाभ तिचाही आहे.

मग २०१७. बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, पहिल्या दोन मुलांसाठी. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या खेपेला बाराच. दत्तक घेणाऱ्या आणि सरोगसीने मूल होणाऱ्या आईलाही बारा आठवडे मिळू लागले. या दुरुस्तीने आठवडे दुपटीहून जास्त वाढवले, पण पैसे कोण देणार या प्रश्नाला हात लावला नाही. ईएसआयच्या बाहेरच्या बाईचे सव्वीस आठवडे पूर्णपणे मालकाच्या खिशातून. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी सरकारनेही भार उचलावा म्हणून जी बाजू मांडली होती, ती अनुत्तरितच राहिली. पुण्या-मुंबईतल्या छोट्या कारखानदारांशी बोललं की लग्न झालेल्या मुलीला नोकरीवर घेताना ते सव्वीस आठवड्यांचे पैसे मनातल्या मनात मोजतात, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात.

ईएसआयमध्ये हा प्रश्न उरत नाही, पैसे महामंडळ देतं. तिथलं सरासरीचं गणितही वेगळं आहे. लगतचे तीन महिने धरत नाहीत, वर्गणीचे सहा महिने धरतात, आणि तेही जरा मागचे. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ ठरतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. म्हणजे एप्रिलमध्ये रजेवर जाणाऱ्या बाईची सरासरी आदल्या वर्षीच्या एप्रिल-सप्टेंबरातली. त्या महिन्यांत बहुधा तिला दिवस गेलेले नसतात किंवा नुकतेच गेलेले असतात, हात चालत असतो, खाडे नसतात. उक्त्या कामावरच्या बाईला ही पद्धत मानवते. उलट नुकतीच पगारवाढ मिळालेल्या बाईची वाढ यात सापडतच नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. सव्वीस आठवडे तसेच, तीन महिन्यांची सरासरी तशीच, काम केलेल्या दिवसांचे शब्दही तसेच, किमान वेतनाचं जोतंही शाबूत. बदललं ते 'वेतन' कशाला म्हणायचं ते. जुन्या कायद्यात वेतनात घरभाडं भत्ता स्पष्टपणे धरलेला होता. नव्या संहितेची व्याख्या मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर उभी आहे. घरभाडं, प्रवासभत्ता वगैरे बाजूला निघतात, आणि असे वगळलेले भाग एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग तेवढा वेतनात परत येतो.

महिना ३०,००० रुपये मिळवणारी बाई घ्या. मूळ वेतन आणि महागाई मिळून १६,०००, घरभाडं ९,०००, प्रवासभत्ता ५,०००. जुन्या कायद्याने तिचे तिन्ही भाग धरले जात, म्हणजे दिवसाला हजार रुपये आणि सव्वीस आठवड्यांचे १,८२,०००. नवी व्याख्या शब्दशः लावली तर वगळलेले भाग १४,००० होतात, निम्म्याच्या आतच राहतात, आणि वेतन उरतं १६,०००. दिवसाला ५३३ रुपये, सव्वीस आठवड्यांचे सुमारे ९७,०००. संहितेतल्याच दुसऱ्या एका परंतुकाचा आधार घेऊन, 'वेतन देण्यासाठी' घरभाडं धरलंच पाहिजे असा युक्तिवाद करायला जागा आहे, आणि तो होईलच. ज्या कंपन्या पूर्ण पगार चालू ठेवतात त्यांच्याकडे हा प्रश्न येणार नाही. ज्या कायद्याने लागतं तेवढंच देतात त्यांच्याकडे येईल. म्हणून यापुढे रजेचा अर्ज भरताना मागच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या जपून ठेवायच्याच, आणि त्यांवरचा तळाचा एकूण आकडा पाहून थांबायचं नाही. मूळ वेतनाची ओळ आधी वाचायची.